नजर ठीक, पण वस्तू ओळखता येत नाही: कॉपी, मॅचिंग आणि नेमिंगनं ॲग्नोसियाचे दोन प्रकार कसे वेगळे करायचे

प्रश्न: सर, मी कोल्हापुरात मेडिसिनला रेसिडेंट आहे. वॉर्डात स्ट्रोकचे एक काका आहेत, डोळ्यांचे डॉक्टर म्हणतात नजर चांगली आहे, पण समोर चमचा धरला तरी काय आहे ते सांगता येत नाही. व्हिज्युअल ॲग्नोसिया वाटतो. तो ॲपरसेप्टिव्ह की असोसिएटिव्ह हे बेडजवळच, कॉपी-मॅचिंग-नेमिंग वापरून कसं ठरवायचं? पुस्तकातलं टेबल पाठ आहे पण पेशंटसमोर बसलं की गोंधळ होतो.

उत्तर:

गोंधळ होतो कारण आपण सगळे नेमिंगपासून सुरू करतो आणि तिथंच अडकून बसतो. चमचा दाखवला, नाव आलं नाही, परत दाखवला, परत नाही आलं. पण नाव दोन्ही प्रकारांत येत नाही, अफेजियात येत नाही, नजर कमी असेल तरी येत नाही, त्यामुळे नेमिंग फेल झालं एवढ्यावरून 'काहीतरी बिनसलंय' यापलीकडं काही कळत नाही. कुठं बिनसलंय ते कॉपी आणि मॅचिंग सांगतात.

मूळ कल्पना लिसाउअर नावाच्या जर्मन डॉक्टरची, १८९० मधली. तेव्हा 'ॲग्नोसिया' हा शब्दसुद्धा वापरात नव्हता, तो फ्रॉइडनं पुढच्या वर्षी आणला. लिसाउअरचं म्हणणं असं की बघून ओळखायला दोन टप्पे लागतात. आधी डोळ्यांतून आलेल्या रेषा, कडा, कोपरे एकत्र जुळून एक आकार तयार व्हायला पाहिजे, आणि मग तो आकार आपल्या आधीच्या माहितीला जाऊन भिडायला पाहिजे. पहिला टप्पा बिघडला तर ॲपरसेप्टिव्ह, दुसरा बिघडला तर असोसिएटिव्ह. म्हणून आपला बेडजवळचा प्रश्न एवढाच असतो की ह्या माणसाच्या डोक्यात आकार तयार होतोय का. आकार तयार होत असेल तर नाव माहीत नसलं तरी त्याला तो बघून काढता येईल आणि चार चित्रांतून तसाच दुसरा शोधता येईल.

एक केस पूर्ण सांगतो, म्हणजे क्रम लक्षात येईल (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत). हुपरीकडचे साठीतले चांदीचे कारागीर, बीपी आणि शुगर दोन्ही. एका सकाळी उठल्यावर पेपर वाचता येईना, उजव्या बाजूला असलेली माणसं दिसेनात, आणि जेवायला बसल्यावर वाटी हातात घेऊन 'हे काय दिलंय' असं विचारायला लागले. घरच्यांना वाटलं डोक्यावर परिणाम झाला. एमआरआयमध्ये डाव्या पोस्टिरियर सेरेब्रल आर्टरीचा इन्फार्क्ट.

टेस्टला बसण्याआधी काही गोष्टी मिटवून घ्यायच्या असतात. नजर तपासायची, पण हे लक्षात ठेवा की डाव्या पीसीए स्ट्रोकला वाचता न येणं सोबत असू शकतं, अक्षरांचा चार्ट लावला तर नजर शून्य येईल आणि तुम्ही फसाल. यांना 'ई' कुठल्या बाजूला उघडा आहे तो चार्ट लावला, ६/९ आली. कधीकधी तो चार्टही जमत नाही कारण त्याला पण आकार लागतो, तेव्हा मी काळ्या कापडावर साबुदाण्याचे दाणे टाकून वेचायला सांगतो, दाणा दिसतोय एवढं तरी कळतं. मग फील्ड तपासा. यांना उजवी बाजू नव्हती, त्यामुळे पुढचं सगळं डाव्या बाजूला ठेवून दाखवलं. हे नाही केलं तर अर्धं चित्र कॉपी होईल आणि तुम्ही त्याला ॲपरसेप्टिव्ह म्हणून मोकळे व्हाल. शुद्ध आणि लक्ष नीट आहे का तेही बघा, डिलिरियममध्ये यातली एकही टेस्ट करण्यात अर्थ नाही.

आता नेमिंग. सांडशी दाखवली, हात लावायचा नाही म्हटलं. काका बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "काय की ओ डॉक्टर, स्टीलचं कायतरी हाय, दोन पाय हायत, मधी खिळा हाय." मग डोळे मिटायला लावून तीच सांडशी हातात दिली, आणि क्षणात, "आवो ही सांडशी की!" पुढं तोंडी विचारलं, चुलीवरचं गरम पातेलं कशानं उतरवायचं, लगेच उत्तर आलं. या दोन गोष्टींनी मोठी भानगड मिटते. हातात घेतल्यावर आणि वर्णन ऐकल्यावर नाव येतं म्हणजे शब्द शाबूत आहे, वस्तूची माहिती शाबूत आहे, फक्त डोळ्याच्या वाटेनं तिथं पोचता येत नाही. हातात देऊनही नाव आलं नसतं तर मी ॲग्नोसियाचा विचार बाजूला ठेवून अफेजिया आणि डिमेन्शियाकडं बघितलं असतं. वस्तू निवडताना एक पथ्य पाळा, किल्ल्यांचा जुडगा नको कारण तो वाजतो, लसूण किंवा गूळ नको कारण वासानं कळतं. आणि रंगानं ओळखू येणाऱ्या वस्तू शेवटी ठेवा, पिवळं आणि लांबट दिसलं की 'केळं' असा अंदाज कुणीही मारतो.

मग मॅचिंग. माझ्याकडं साध्या काळ्या रेषांतली चित्रं असतात, सांडशी, अडकित्ता, कात्री आणि पक्कड. चौघांनाही दोन पाय आणि मध्ये खिळा, म्हणून मुद्दाम हीच निवडलीत. चमचा, चप्पल, छत्री अशी एकमेकांपासून फारच वेगळी चित्रं ठेवली तर ज्याला आकार धड दिसत नाही तोही लांबी-रुंदीवरून बरोबर उत्तर देतो. वर अडकित्त्याचं चित्र ठेवलं आणि खालच्या चारातून तसंच कुठलं आहे ते दाखवायला सांगितलं. काकांनी काही सेकंदांत बरोबर दाखवलं, सगळ्या चित्रांना. नंतर तोच अडकित्ता वेगळ्या कोनातून काढलेला दिला, तोही जुळवला, जरा जास्त वेळ लागला एवढंच. म्हणजे आकार तयार होतोय.

मग मॅचिंगचाच दुसरा प्रकार, ज्यात दिसणं जुळवायचं नसतं, उपयोग जुळवायचा असतो. वर सांडशी, खाली पातेलं, कंगवा आणि चप्पल, यातलं सांडशीबरोबर काय लागतं? इथं काका पूर्ण अडखळले, कंगव्यावर बोट ठेवलं, मग चपलेवर. तोच प्रश्न चित्रं काढून घेऊन तोंडी विचारला तर लगेच "पातेलं". हा फरक सगळ्यात महत्त्वाचा. दिसायला सारखं जुळवता येतं पण अर्थानं जुळवता येत नाही, म्हणजे आकार तयार झाला पण माहितीपर्यंत पोचला नाही. बरेच रेसिडेंट पहिलं मॅचिंग करतात आणि 'मॅचिंग नॉर्मल' लिहून थांबतात, दुसरं केल्याशिवाय थांबू नका.

कॉपीला अडकित्ता दिला, दांड्यावर नक्षी असलेला. आयुष्यभर चांदीवर नक्षी केलेला माणूस, हात बसलेला, काढलं पण तसंच, नक्षीच्या वळणासकट. पूर्ण झाल्यावर विचारलं, काय काढलंत? काका स्वतःच्याच चित्राकडं बघत म्हणाले, "दागिन्याचा आकडा असंल." असोसिएटिव्ह ॲग्नोसिया पहिल्यांदा बघणाऱ्याला हे खरं वाटत नाही, इतकं हुबेहूब काढून काय काढलं ते कळत कसं नाही! नातेवाईक तर म्हणतात नाटक करतात. १९७१ मध्ये रुबेन्स आणि बेन्सन यांनी एका पेशंटवर लिहिलं, तो स्वतः डॉक्टर होता, चित्रं सुंदर कॉपी करायचा आणि काय काढलंय ते सांगू शकायचा नाही, तेव्हापासून हीच या प्रकाराची क्लासिक खूण झालीय.

आता याच्या उलट बाजू दाखवायला दुसरी पेशंट थोडक्यात. तिशीतली बाई, बाथरूममध्ये गॅस गीझर, खिडकी बंद, आंघोळीला गेली ती बेशुद्ध सापडली. कार्बन मोनॉक्साइड. आयसीयूतून बाहेर आल्यावर दारातून न धडकता चालायची, साडीचा रंग बरोबर सांगायची, पण चमचा ओळखेना, हातात दिला की लगेच ओळखायची. इथपर्यंत अगदी हुपरीच्या काकांसारखंच, नेमिंगवरून दोघांत फरक करताच आला नसता. पण मॅचिंगला सांडशी-कात्री सोडाच, गोल आणि चौकोन जुळवता येईना. कॉपीला गोल दिला तर तीन-चार तुटक रेषा आल्या, कशाला काही मेळ नाही. हा ॲपरसेप्टिव्ह.

तिच्यासाठी एक साधी टेस्ट केली ती तुम्हीही करू शकता. काळ्या कागदातून तीन मापांचे तुकडे कापायचे, प्रत्येक मापाचे दोन-दोन, ६ बाय ६ सेंटिमीटरचा चौकोन, ५ बाय ७.२ आणि ४ बाय ९. प्रत्येकाचं क्षेत्रफळ ३६ चौरस सेंटिमीटर, त्यामुळे एकूण काळं किती दिसतंय यावरून ओळखता येत नाही, आकारच बघावा लागतो. दोन-दोन तुकडे समोर ठेवायचे, सारखे की वेगळे एवढंच विचारायचं. कात्री आणि पट्टी एवढंच साहित्य, आणि ही कल्पना एफ्रॉनची, १९६९ च्या आसपासची, अशाच कार्बन मोनॉक्साइडच्या एका पेशंटसाठी वापरलेली. काकांना ४ बाय ९ आणि ६ बाय ६ मधला फरक विचारल्यावर ते माझ्याकडं 'हे काय विचारताय' अशा नजरेनं बघत होते, या बाईचं उत्तर मात्र नाणं उडवल्यासारखं यायचं.

तिच्या बाबतीत अजून एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. न बघता, मनानं तुळशीवृंदावन काढा म्हटलं तर तिनं ओळखू येईल असं काढलं. नंतर तेच चित्र समोर ठेवलं तर ओळखेना. काकांनीही आठवणीनं सांडशी छान काढली होती. म्हणजे आठवणीतून चित्र काढणं दोघांनाही जमतं, त्यावरून हे दोन प्रकार वेगळे होत नाहीत, समोरचं बघून काढणं मात्र एकालाच जमतं. वॉर्डात घाईघाईत 'घड्याळ काढा' सांगून 'ड्रॉइंग नॉर्मल' लिहिलं जातं तिथं नेमकी हीच चूक होते, आठवणीतून काढायला लावलं होतं का समोरचं बघून, ते केसपेपरवर लिहिलेलंच नसतं.

कार्बन मोनॉक्साइडचं आणि ॲपरसेप्टिव्हचं हे नातं योगायोग नाही. या प्रकारातली सगळ्यात जास्त अभ्यासलेली पेशंट, जिला शास्त्रात डी.एफ. म्हणतात, तिलाही १९८८ मध्ये आंघोळ करताना हीटरमुळं हाच गॅस लागला होता. १९९१ मध्ये गुडेल आणि मिल्नर यांनी दाखवलं की तिच्यासमोर तिरकी खाच धरली तर ती कुठल्या बाजूला तिरकी आहे ते तिला सांगता यायचं नाही, पण कार्ड त्या खाचेत टाक म्हटलं की हात आपोआप बरोबर वळायचा. पुठ्ठ्याला खाच पाडून हे बेडजवळ करता येतं, आणि 'दिसतच नाही मग पकडते कशी, नाटक तर करत नाही ना' ही शंका मनात आली तर जरूर करा. वस्तू ओळखायचा मार्ग बिघडला म्हणून हाताला दिशा देणारा मार्ग बिघडेलच असं नाही.

आता खाचखळगे, कारण टेबलात जे दोन कप्पे असतात ते पेशंटमध्ये इतके स्वच्छ नसतात.

पहिला, कॉपी फेल झाली म्हणजे आकार दिसत नाही असं नव्हे. पराएटल बिघाडात हातानं रचना करणंच बिघडतं, कन्स्ट्रक्शनल ॲप्रॅक्सिया होतो, चित्र वेडंवाकडं येतं पण मॅचिंग ठणठणीत असतं. आणि आपल्याकडचा मोठा प्रश्न म्हणजे खेड्यातल्या सत्तरीच्या आजी, ज्यांनी कधी पेन्सिल धरलेली नाही, त्यांची कॉपी नॉर्मल मेंदूतही वाईटच येते. काळ्या रेषांतलं चित्रसुद्धा त्यांच्या सवयीचं नसतं. म्हणून अशा पेशंटला मी मॅचिंगला जास्त वजन देतो, खरी वस्तू जास्त वापरतो, आणि तीच चित्रं सोबत आलेल्या त्यांच्या वयाच्या जावेला किंवा बहिणीला पण दाखवतो. तिलाही कळली नाहीत तर चित्रं बदलायची. कॉपीऐवजी काडेपेटीच्या काड्यांनी समोरचा आकार मांडायला सांगा, त्यात लाज वाटत नाही.

दुसरा खळगा जास्त फसवा. कॉपी उत्तम आली म्हणून बघणं नॉर्मल आहे असंही नाही. हम्फ्रीज आणि रिडॉक यांनी १९८७ मध्ये एच.जे.ए. नावानं एका पेशंटवर आख्खं पुस्तक लिहिलंय, स्ट्रोकनंतर त्याला वस्तू ओळखू यायच्या नाहीत, पण त्यानं लंडनच्या सेंट पॉल कॅथेड्रलचं चित्र बघून हुबेहूब उतरवलं होतं. फक्त त्याला फार म्हणजे फार वेळ लागला, एकेक रेषा पकडून, पूर्ण इमारत म्हणून नव्हे. सुटे भाग दिसतात पण एकत्र जुळत नाहीत, याला इंटिग्रेटिव्ह ॲग्नोसिया म्हणतात, आणि नुसता शेवटचा कागद बघितला तर तो असोसिएटिव्ह वाटतो. म्हणून कॉपी करताना पेशंटजवळ बसून राहा, कागद देऊन राउंडला निघून जाऊ नका. हात कसा चालतोय ते बघा. आधी बाहेरचा आकार येतो आणि मग तपशील, की एका कोपऱ्यातून सुरू करून रेषेमागं रेषा? मधेच आपण कुठं होतो ते हरवतं का, पुन्हा पुन्हा मूळ चित्राकडं नजर जाते का? मॅचिंगलाही तेच, उत्तर बरोबर आलं पण एकेका चित्रावर बोट फिरवत अर्धा मिनिट लागत असेल तर ते बरोबर उत्तर नॉर्मल नव्हे. वेळ लिहून ठेवा.

शंका आली तर एकावर एक काढलेली चित्रं द्या, कात्रीवर तांब्या आणि त्यावर चप्पल, सगळ्या रेषा एकमेकींत अडकलेल्या, आणि एकेक वस्तू बोटानं गिरवायला सांगा. इंटिग्रेटिव्हवाला इथं कोसळतो. आमच्या काकांनी वेगळी चित्रं पटापट जुळवली होती, पण या गुंतलेल्या चित्रात ते स्पष्ट हळू झाले, एकदा तांब्याच्या कडेवरून चपलेवर घसरले. म्हणून मी 'असोसिएटिव्ह' लिहिलं पण खाली 'आकार जुळवण्यात सौम्य अडचण' असंही लिहिलं. मार्था फरा यांनी १९९० मध्ये हाच मुद्दा मांडला होता की असोसिएटिव्ह म्हणवल्या जाणाऱ्या पेशंटांचं बघणं नीट तपासलं तर पूर्ण नॉर्मल निघत नाही. मला ते पटतं. कप्पे उपयोगाचे आहेत, पण पेशंट बसत नसेल तर त्याला दाबून कप्प्यात बसवू नका.

तिसरा खळगा ऑप्टिक अफेजिया. त्याच डाव्या पीसीएच्या स्ट्रोकमध्ये दिसतो आणि असोसिएटिव्हचा सख्खा भाऊ वाटतो, नाव येत नाही, कॉपी येते, दिसण्याचं मॅचिंग येतं, हातात दिलं की नाव येतं. फरक उपयोगाच्या मॅचिंगमध्ये, आणि हातवाऱ्यात. कंगवा दाखवा, नाव येणार नाही, पण 'वापरून दाखवा' म्हटलं की हात केसांकडं जातो. म्हणजे वस्तू कळलीय, शब्दच तेवढा सापडत नाही. काकांना सांडशी वापरून दाखवा म्हटलं तर त्यांनी नुसती हवेत कापायची खूण केली, कात्रीसारखी. चुकीचं नावही ऐका, ऑप्टिक अफेजियात कंगव्याला 'आरसा' किंवा 'तेल' म्हणतील, अर्थानं जवळचं, किंवा आधीच्याच वस्तूचं नाव पुढच्या वस्तूला चिकटेल, ॲग्नोसियात चूक सहसा दिसण्यातून येते, अडकित्त्याचा 'दागिन्याचा आकडा' होतो. म्हणून केसपेपरवर 'नेमिंग १० पैकी इतके' एवढंच लिहू नका, पेशंट जे बोलला ते त्याच्याच शब्दांत लिहा.

तुमच्या काकांना आज चमच्याऐवजी या क्रमानं घ्या: आधी फील्ड आणि 'ई' चार्ट, मग बघून नाव, हातात देऊन नाव, दिसण्याचं मॅचिंग, उपयोगाचं मॅचिंग, हातवारे, शेवटी कॉपी, कारण कॉपीनं पेशंट दमतो आणि त्यानंतरचं सगळं खराब येतं. एका बैठकीत अर्ध्या तासाहून जास्त नको. आणि दोन-तीन आठवड्यांनी हेच सगळं परत करा. सुरुवातीला ज्यांना आकारच जुळत नव्हता असे काही पेशंट सूज ओसरली की कॉपी करायला लागतात आणि तेव्हा चित्र असोसिएटिव्हसारखं दिसायला लागतं, पहिल्या दिवसाचं लेबल डिस्चार्ज कार्डवर तसंच उतरवलं तर पुढच्या डॉक्टरला चुकीची माहिती जाते. निकाल आला की काय दिसलं ते सांगा, विशेषतः उपयोगाच्या मॅचिंगचं आणि कॉपीला किती वेळ लागला त्याचं.